चार गुरुवार, चार पायऱ्या

[दृश्य: ठाणे, नौपाडा. भिंतीवर मे 2024 चं कॅलेंडर, चार गुरुवारांभोवती लाल पेनाचे गोल.]

9, 16, 23, 30. त्या वेळी निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी गुरुवारी असायची. या प्रत्येक गोलाचा अर्थ एकच: आज एक लॉट पुट विकायचा, चार आठवडे पुढच्या एक्सपायरीचा, बाजारभावापेक्षा साधारण चार टक्के खाली. पुट विकणं म्हणजे प्रीमियम घेऊन दिलेली हमी: मुदत संपते त्या दिवशी, म्हणजे एक्सपायरीला, निफ्टी ठरलेल्या भावाच्या, म्हणजे स्ट्राइकच्या, खाली असेल तर फरक विकणारा भरतो. एक लॉट संपला की नवा लावायचा. चार आठवड्यांत चार लॉटची शिडी भरते, दर आठवड्याला एक पायरी.

[दृश्य: वहीचं पान, बोट एकेका ओळीवरून फिरतं.]

9 मेला निफ्टी 21,957 वर बंद झाला, म्हणून 21,100 चा पुट, एक्सपायरी 6 जून. पुढच्या गुरुवारी 22,403, म्हणून 21,500. 23 मेला बाजार 22,967 वर, स्ट्राइक 22,050. 30 मेला घसरून 22,488, तेव्हा 21,600. स्ट्राइक कुणी हुशारीनं निवडलेले नाहीत, ते त्या त्या दिवसाच्या भावातून आपसूक वेगळे पडलेत.

[दृश्य: 4 जूनचा चार्ट, लाल कॅन्डल.]

लोकसभेचा निकाल. निफ्टी दिवसात 21,281 पर्यंत खाली जाऊन 21,884 वर बंद होतो. 21,100 ला भाव शिवलाच नाही. 21,500 आणि 21,600 दिवसात मोडले, पण बंद भाव दोन्हींच्या वर. 22,050 मात्र 166 अंकांनी आत, म्हणजे बंद भाव स्ट्राइकच्या खाली. चारही लॉट 23 मेलाच विकले असते, तर चारही आत असते.

शिडीनं घसरण थांबत नाही, हे इथंच सांगायला हवं. त्या दिवशी चारही पुट महागले, कारण भीती वाढली की सगळ्याच एक्सपायऱ्यांचे प्रीमियम फुगतात. तोटा चारही ओळींत दिसला. पुढे बाजार सावरला आणि चारही शून्यावर संपले. पण ज्यांचं मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडची ठेव, तोवर पुरलं, त्यांच्यासाठीच.

[दृश्य: पुन्हा वही. दुसरं पान, चारही ओळींवर एकच तारीख.]

नेहमीची चूक ही अशी दिसते. एक्सपायऱ्या चार वेगळ्या, पण विक्रीची तारीख एकच. स्ट्राइक जवळजवळ सारखे येतात, म्हणजे एकाच दिवसाच्या भावावर चौपट पैज. वही तपासताना एक्सपायरीच्या रकान्याआधी विक्रीच्या तारखेचा रकाना बघा.

[दृश्य: नवं कॅलेंडर, गोल मंगळवारांभोवती.]

सप्टेंबर 2025 पासून निफ्टीची एक्सपायरी मंगळवारी आली, गोल सरकले. विकलेल्या ऑप्शनवर एक्सपायरीच्या दिवशी दोन टक्के जादा मार्जिन लागतं, ते शिडीत एकाच लॉटवर बसतं. दूरच्या साप्ताहिक एक्सपायरीत मात्र खरेदी-विक्रीच्या भावांत फट मोठी असते. तिथं मार्केट ऑर्डर टाकू नये. मधला भाव लावून थांबायचं.