ह्यात फोन येतो का ओ?

नमस्कार मंडळी. समोर राजारामपुरीतले, महाद्वार रोडवरचे मोबाईलवाले दिसताहेत, मागं फ्लेक्स डिझाइन करणारी पोरं बसलीत, त्यामुळं स्मार्टवॉच म्हणजे काय इथनं मी सुरुवात करणार नाही. विषय एवढाच, की साध्या गिऱ्हाइकासाठी त्या घड्याळाच्या जाहिरातीची मोठी ओळ कशी लिहायची.

आधी एक प्रसंग सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यातनंच निघालंय. एका ओळखीच्या दुकानात बसलो होतो. बाहेर फ्लेक्स होता : '१.९६ इंच अमोलेड, १००० निट्स, ब्लूटूथ ५.३, आयपी६८, १००+ स्पोर्ट्स मोड'. एक मावशी आल्या, डबे पोचवायचा धंदा त्यांचा, सकाळी चपात्या लाटताना ऑर्डरचे फोन येतात आणि फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. त्यांनी विचारलं, "ह्यात फोन येतो का ओ?" काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "मावशी, ब्लूटूथ ५.३ आहे." त्या म्हणाल्या, "ते असू दे रे बाळा, फोन येतो का?" पोरगा म्हणाला, "कॉलिंग चिपसेट आहे की." मावशींनी घड्याळ खाली ठेवलं आणि गेल्या. पोरगा हुशार होता बरं का, त्याला सगळं पाठ होतं, पण 'हो, येतो, घड्याळातनंच बोलता पण येतं' एवढं वाक्य त्या फ्लेक्सवर नव्हतं म्हणून त्याच्या तोंडात पण नव्हतं. दुकानातला माणूस फ्लेक्सचीच भाषा बोलतो, हे मी गांधीनगरपासून बिंदू चौकापर्यंत बघत आलोय.

त्या मालकांनी कंपनीला कळवलं, बाबांनो सोपं काहीतरी लिहून द्या. नवीन फ्लेक्स आला. 'फोन घरी ठेवा, मनगटावर बोला!' वाचायला झकास, मी पण खूश झालो, विक्री पण वाढली. आणि मग करवीर तालुक्यातले एक गुऱ्हाळवाले पाव्हणे घड्याळ घेऊन परत आले, लालबुंद होऊन. त्यांनी फ्लेक्सवर लिहिलेलं तसंच केलं होतं, फोन घरी ठेवला आणि गुऱ्हाळावर गेले. ऊस घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचे फोन घरी वाजत राहिले आणि इकडं घड्याळ गप्प. चूक पाव्हण्यांची अजिबात नव्हती. त्या घड्याळात सिम नाही. ते म्हणजे फोनचाच एक माइक आणि स्पीकर, ब्लूटूथनं जोडलेला, मोकळ्यावर साधारण दहा मीटर चालणार, मध्ये विटांची भिंत आली की त्याहून कमी. फोन घरी ठेवून शेतावर बोलायचं तर स्वतःचं सिम चालणारं घड्याळ लागतं, ते वेगळं आणि महाग. मालकांनी पैसे परत दिले, कंपनीनं हात झटकले, म्हणे खाली बारीक अक्षरात लिहिलंय. मला अजून राग येतो ह्याचा. २०२२ पासून फसव्या जाहिरातींबद्दलचे केंद्राचे नियम आहेत, त्यात सरळ म्हटलंय की वर मोठ्यानं दिशाभूल करायची आणि खाली बारीक अक्षरात दुरुस्त करायची हे चालणार नाही, खालची टीप पण वरच्या दाव्याच्याच भाषेत पाहिजे. आपल्याकडं वर मराठी आणि खाली मुंगीएवढं इंग्रजी सर्रास दिसतं.

म्हणजे बघा, पहिला फ्लेक्स खरा होता पण कुणाला कळला नाही, दुसरा सगळ्यांना कळला पण खोटा होता. सोपं लिहायचं म्हणजे ढिलं लिहायचं असा समज झालाय, त्याच्याशी माझं भांडण आहे. २००१ साली ॲपलचा पहिला आयपॉड आला तेव्हा '५ जीबी' मोठ्या अक्षरात न लिहिता 'खिशात १,००० गाणी' असं सांगितलं, हे सगळ्यांनी ऐकलंय. पण त्यामागचं गणित कुणी सांगत नाही. १६० केबीपीएसला चार मिनिटांचं गाणं साधारण पावणेपाच-पाच एमबी होतं, हजार गाणी म्हणजे बरोबर ५ जीबीच्या आसपास. ओळ सोपी होती आणि हिशोबाला पण टिकणारी होती.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिलीत, आणि ओळ कशी लिहायची हे तर अजून सांगायचंच आहे, तर भरभर घेतो.

मावशींचंच घड्याळ धरू. फ्लेक्सवरचा एकेक आकडा घ्या आणि विचारा, ह्यानं मावशींचं कुठलं काम होतं? १००० निट्स म्हणजे भर उन्हात पण स्क्रीन वाचता येते, ठीक, पण त्या स्वयंपाकघरात असतात. शंभर स्पोर्ट्स मोड, सोडून द्या. आयपी६८ म्हणजे धूळ आत जात नाही आणि कंपनीनं ठरवलेल्या खोलीपर्यंत, ठरवलेल्या वेळेपर्यंत साध्या पाण्यात टिकतं, म्हणजे हात धुताना, पावसात काळजी नाही, पण त्यावर 'रंकाळ्यात पोहा' असं लिहाल तर परत पाव्हणे येतील. राहिलं कॉलिंग. काम त्याचंच आहे.

आता ओळ. मनात पहिली येते ती 'हात पिठात? तरी फोन उचला!' मला पण हीच आवडली होती. घड्याळ हातात घालून करून बघा. फोन उचलायला हिरव्या बटणावर बोट लावावं लागतं, ओल्या किंवा कणकेच्या बोटाला टच नीट लागत नाही, आणि लागला तरी काचेवर कणीक. म्हणजे ही पण गेली. ओळ लिहिणाऱ्यानं ते काम स्वतः करून बघितल्याशिवाय ओळ छापायला देऊ नये, माझी एवढी अट आहे.

मग खरं काय उरतं? फोन आत चार्जिंगला, मावशी बाहेर, नाव मनगटावर दिसतं, बोट पुसलं की बोलता येतं. तर मी असं लिहीन : 'फोन आतल्या खोलीत? बोला मनगटावरून.' आणि त्याच्याच खाली, त्याच मराठीत, लांबून वाचता येईल अशा अक्षरात : 'फोन जवळपासच हवा.' ह्या दुसऱ्या ओळीला मालक घाबरतात, गिऱ्हाईक जाईल म्हणतात. गुऱ्हाळवाल्या पाव्हण्यांनी ती वाचली असती तर ते एकतर सिमवालं घड्याळ मागितले असते नाहीतर गेले असते, पण भर दुकानात भांडण झालं नसतं.

बॅटरीचं एकच सांगतो. 'सात दिवस चालते' हा आकडा बहुतेक वेळा कॉलिंग न वापरता असतो. कॉलिंगची ओळ वर आणि सात दिवस खाली असं एकाच फ्लेक्सवर लिहू नका, दिवसभर फोन घेणाऱ्याला ती दोन-तीन दिवसांतच चार्ज करावी लागते. कॉलिंग वापरून किती दिवस हे कंपनीला विचारा, तोच आकडा छापा.

आणि हो, शुगर. कुणी म्हणालं 'घरबसल्या शुगर तपासा' लिहून द्या, तर देऊ नका. सुई न टोचता स्वतःहून शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला आपण मान्यता दिलेली नाही, असं अमेरिकेच्या एफडीएनं २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीरच केलं. तो आकडा बघून कुणी इन्सुलिन कमी-जास्त केलं तर जीवावर बेतेल.

निट्स, इंच, ब्लूटूथचा नंबर हे टाकून द्या असं मी म्हणत नाही. कॉलेजची पोरं तेच विचारतात. ते खोक्याच्या मागं आणि काउंटरवरच्या कार्डावर छापा, सगळं, एकही न गाळता. बाहेरच्या फ्लेक्सवर दोनच ओळी. वेळ संपलीय, प्रश्न असतील तर आपापला फ्लेक्स मोबाईलवर काढून पुढं या, एकेक बघू.