काल रात्री किती वेळा उठलात?

(दादरच्या एका सभागृहात, घरी रुग्णाची देखभाल करणाऱ्यांच्या नातेवाइकांसमोर दिलेलं व्याख्यान)

नमस्कार. मी बरीच वर्षं घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या कुटुंबांना भेटते. आज रुग्णाविषयी बोलणार नाही. त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाशी आपण काय बोलतो, एवढंच बोलायचं आहे.

लालबागच्या चाळीतल्या एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांना नुसतं वहिनी म्हणू. यजमानांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळता येईना म्हणून नाकातून नळी घातली. अडीच आठवड्यांनी रुग्णालयातून घरी सोडलं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा घरी येऊन सव्वा महिना झाला होता. वहिनी दारातच उभ्या राहिल्या, पदराने हात पुसत. मी म्हणाले, "तुम्ही किती खंबीर आहात हो, अशाच राहा." त्या हसल्या. "चहा घेणार का?" म्हणाल्या, आणि मग अर्धा तास औषधांपलीकडे एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्याच एका वाक्याने त्यांचं तोंड बंद केलं होतं. खंबीर बाईने रडायचं कुठे?

दुसऱ्या भेटीत मी वेगळं विचारलं. "काल रात्री किती वेळा उठलात?"

त्या बोटं मोजू लागल्या. बाराला कूस बदलली. दोनला बदलली. तीनला खोकला आला, बसवलं. चारला परत कूस, तेव्हा डायपर भरलेला होता. पाचला नळाला पाणी आलं. ते भरलं नाही तर दिवसभर पाणी नाही. सहाला नळीतून पहिलं फीड. एका हाताची बोटं पुरली नाहीत तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "म्हणजे सलग दोन तास झोप तुम्हाला एकाही रात्री मिळालेली नाही. सव्वा महिन्याहून जास्त." त्या खाली बसल्या आणि रडल्या. बराच वेळ रडल्या. मी काही बोलले नाही.

यात नेमकं काय झालं ते पाहू. "थकलात का?" असं विचारलं की आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं, "छे, चाललंय ठीक." कारण थकलो म्हणणं म्हणजे नवऱ्याची सेवा जड झाली असं कबूल करणं. पण किती वेळा उठलात याला उत्तर आकड्यातच द्यावं लागतं, आणि आकडा सांगताना कुणावर आरोप होत नाही. त्यानंतर आपण फक्त तो आकडा परत तिच्यासमोर ठेवायचा.

त्यासाठी ते काम किती आहे हे आपल्याला ठाऊक हवं. नळीतून फीड म्हणजे पेलाभर पेज ओतली आणि झालं, असं नाही. आधी डोक्याकडची बाजू उचलून रुग्णाला निम्मं बसतं करायचं. पेज गाळून, कोमट करून, एका वेळी साधारण 200 मिली, अगदी हळू सोडायची, मग पाण्याने नळी धुवायची. त्यानंतर निदान अर्धा तास त्याला तसंच बसतं ठेवायचं, नाहीतर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. म्हणजे एका फीडचा जवळजवळ तास गेला. वहिनी दिवसाला सहा फीड देत होत्या. आणि दर दोन तासांनी कूस बदलायची ती बेडसोअरसाठी. पाठीखाली आडवी चादर घालून, ती ओढून, एकटीने. मोबाइलच्या उजेडात माकडहाडावरची लाली बघायची, बोटाने दाबायची. दाबल्यावर लाली क्षणभर पांढरी झाली नाही, तर तिथली कातडी धोक्यात आहे. रात्री दोन वाजता हे बघणाऱ्या बाईला आपण "सकारात्मक विचार कर" म्हणतो, तेव्हा तिला वाटतं की थकवा हासुद्धा आपलाच दोष.

आता वाक्यं. "रोज सहा फीड आणि रात्रीचं चार वेळा उठणं, याने कुणीही थकेल." एवढंच. पुढे "पण" लावू नका. "थकणारच गं, पण देव बघतोय" यातला पहिला भाग "पण"ने पुसला जातो. "मला कळतं, माझ्या सासऱ्यांच्या वेळी ना..." हेही नको, कारण मग तिला आपलं ऐकत बसावं लागतं.

तिसऱ्या भेटीत वहिनी गॅलरीत उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "ताई, परवा त्यांनी नळी उपसली तेव्हा त्यांचा हात मी जोरात दाबला. आणि मनात आलं, सुटावं यातून एकदाचं. मी कशी बाई आहे?" इथे "छे छे, असं बोलू नये" असं म्हणायची घाई सगळ्यांनाच होते. मी म्हणाले, "सुटावंसं वाटणं आणि त्यांच्यावर माया असणं, दोन्ही एकाच मनात असतात. तुम्ही एकट्या नाही अशा." हे मी समजूत घालायला म्हटलं नव्हतं. देखभाल करणाऱ्यावरचा भार मोजण्यासाठी स्टीव्हन झारिट यांची जी प्रश्नावली जगभर वापरतात, तिच्या 22 प्रश्नांत रुग्णाजवळ असताना राग येतो का, हा सरळ प्रश्न आहे. राग इतका नेहमीचा आहे की तो विचारायलाच हवा, असं तज्ज्ञांनी धरलं आहे.

मात्र हे बोलणं गॅलरीत झालं, खाटेपाशी नाही. वाचा गेलेल्या माणसाला बऱ्याचदा समजत असतं. "तुझे हाल होतात गं" हे त्याच्या देखत म्हटलं, तर ते त्याच्या काळजात जातं आणि दिवसभर निस्तरावं लागतं वहिनींनाच.

नुसत्या वाक्याने भागत नाही अशीही वेळ येते. हात पुन्हा पुन्हा उगारला जातो, तिचं स्वतःचं जेवण सुटतं, किंवा "मीच नसते तर बरं" असं ती म्हणते. तेव्हा तिला एकटीला सोडायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रीही लागतो, तो तिच्या शेजारी बसून आपणच लावायचा.

आणि "काही लागलं तर सांग" हे वाक्य तेवढं बंद करा. काय लागतं ते ठरवायचं, कुणाला फोन करायचा, संकोच गिळायचा, हे सगळं परत तिच्यावरच पडतं. वहिनींच्या ठाण्याच्या नणंदबाई तेच म्हणत होत्या. त्यांना मी म्हटलं, वार आणि वेळ सांगा. त्यांनी सांगितलं, "वहिनी, शनिवारी रात्री अकरा ते पहाटे पाच मी दादाजवळ. तू शेजारच्यांकडे झोप." वहिनींनी त्यांना कूस बदलणं आधी दोनदा करून दाखवलं, करवून घेतलं. पहिल्या शनिवारी वहिनी सवयीने बारा, दोन, चारला जाग्या झाल्याच. दुसऱ्या शनिवारी चारला झाल्या नाहीत.

रविवारी दुपारी नणंदेचा घरून फोन आला. वहिनींनी मला तो जसाच्या तसा सांगितला. नणंद म्हणाली, "वहिनी, माझी कंबर अजून धरलीय. ते दोनचं वळवणं फार जड जातं गं. तू रोज कशी करत होतीस?" वहिनी म्हणाल्या, "ताई, इतके लोक येऊन गेले घरी. दोनचं वळवणं कुणाला माहीतच नव्हतं."