जायफळाची नशा : चढायला सहा तास, उतरायला तीन दिवस

जायफळ आपल्या घरात कायम असतं. पुरणात, श्रीखंडात, कोजागरीच्या दुधात ते किसून पडतं. अर्धं जायफळ म्हणजे साधारण अडीच-तीन ग्रॅम. ते वीस पुरणपोळ्यांत वाटलं गेलं की एका पोळीच्या वाट्याला दीडशे मिलिग्रॅमहून जास्त येत नाही. तेवढ्याने त्रास होत नाही. आज बोलायचं आहे ते एक-दोन अख्खी जायफळं, म्हणजे पाच ते बारा ग्रॅम पूड, एकाच वेळी पोटात गेली तर काय होतं आणि का होतं याबद्दल. ‘स्वयंपाकघरातली स्वस्त नशा’ म्हणून हा प्रयोग करणारी मुलं दवाखान्यात येतात, आणि सुख मिळालं असं सांगणारा त्यांत क्वचितच भेटतो.

जायफळ आडवं कापून बघा. पांढुरक्या गरात तपकिरी रेषांची नक्षी दिसते. वास त्या तपकिरी रेषांत असतो, कारण सुगंधी तेलाच्या पेशी तिथे असतात. पांढुरक्या भागात पिष्ट आणि चरबी. सुगंधी तेल वजनाच्या पाच ते पंधरा टक्के, चरबी मात्र त्याच्या दुपटी-तिपटीने जास्त. सुगंधी तेलातही बहुतेक भाग साध्या टर्पिनांचा, म्हणजे टर्पेंटाइनच्या जातकुळीतल्या द्रव्यांचा असतो. डोक्यावर परिणाम करणारी द्रव्यं म्हणजे मिरिस्टिसिन आणि एलेमिसिन, आणि त्यांचा वाटा लहान असतो.

आता हिशोब मांडू. समजा साठ किलो वजनाच्या मुलाने दहा ग्रॅम पूड खाल्ली. दहा टक्के धरले तर त्यात एक ग्रॅम सुगंधी तेल आलं. त्यातलं सात-आठ टक्के मिरिस्टिसिन म्हणजे सत्तर-ऐंशी मिलिग्रॅम. किलोमागे एक मिलिग्रॅमहून थोडं अधिक. विषबाधेची लक्षणं साधारण एवढ्यावरच सुरू होतात. पण हाच हिशोब दुसऱ्या जायफळाला लावला तर आकडा अर्धा येईल किंवा दुप्पट. झाड कुठलं, फळ किती जुनं, पूड डब्यात किती महिने उघडी पडली, यावर तेल ठरतं. म्हणून ‘मागच्या वेळी दोन चमच्यांनी काही झालं नाही’ या अनुभवाला काडीची किंमत नाही.

या सत्तर-ऐंशी मिलिग्रॅमसाठी उरलेली नऊ ग्रॅमहून जास्त पूडही गिळावी लागते. टर्पिनं जठराच्या अस्तराला झोंबतात. मळमळ, पोटात कळा, कधी उलटी, ही सुरुवात तिथूनच होते. दारू किंवा गांजा घेणाऱ्याला आधी बरं वाटतं आणि त्रास मागून येतो. इथे त्रास आधी येतो.

आणि मग वाट बघणं. जायफळाच्या चरबीला जायफळाचं लोणी म्हणतात. ते पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या आसपास वितळतं. पोटात तापमान सदतीस. म्हणजे ही चरबी आत घट्टच राहते, आणि तिच्यात अडकलेलं तेल पचन होईल तसं थोडं थोडं सुटतं. परिणाम जाणवायला बहुधा तीन ते सहा तास लागतात. सर्वांत घातक चूक या मधल्या वेळेत होते. रात्री नऊला खाल्लं, अकरापर्यंत काही नाही, म्हणून आणखी दोन चमचे. पहाटे दोन-तीनला दोन्ही हप्ते एकावर एक चढतात, आणि तेव्हा परत फिरायला वाट नसते.

नशेतल्या सुखासाठी वेग लागतो. मेंदूला एकदम धक्का बसला तर तो सुखाचा वाटतो. तोच परिणाम सहा तासांत हळूहळू चढला तर आपल्याला काहीतरी होतंय, आजारी पडतोय, असं वाटतं.

मग येतं काय? तोंडाला कोरड पडते, जीभ टाळूला चिकटते. चेहरा लाल, तळहात गार, छातीत धडधड, नाडी शंभराच्या वर. लघवी तुंबते, पोट साफ होत नाही. डोकं जड, चाल डगमगती, वेळेचं भान सुटलेलं. काहींना भास होतात, हातपाय आपले नाहीत असं वाटतं. पण सगळ्यांत ठळक असते ती भीती : आता आपण मरणार, अशी. झोप येते पण लागत नाही. डोळा लागला की दचकून जाग.

ही लक्षणं वाचून कुणालाही धोतरा आठवेल. फरक डोळ्यांत बघायचा. धोतऱ्यात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि उजेडात आकसत नाही. जायफळात ती बहुधा नेहमीएवढी, कधी बारीकसुद्धा असते. म्हणून धोतऱ्याचा उतारा इथे आंधळेपणाने देऊन चालत नाही.

मिरिस्टिसिनचं यकृतात ॲम्फेटामिन या उत्तेजक अमली पदार्थासारखं द्रव्य होतं, असं बरेच जण ठामपणे सांगतात. ही कल्पना 1960 च्या दशकातली. प्राण्यांच्या यकृतावरच्या प्रयोगांतून तिला थोडा आधार मिळाला. पण जायफळ खाल्लेल्या माणसाच्या लघवीत 2006 मध्ये शोध घेतला तेव्हा अशी ॲम्फेटामिनं सापडली नाहीत. सापडले ते मिरिस्टिसिन आणि एलेमिसिनचे मोडके तुकडे. एक्स्टसी ही ॲम्फेटामिनच्याच जातकुळीतली नशा. तेव्हा जायफळाचं ‘नैसर्गिक एक्स्टसी’ हे वर्णन चुकीचं आहे, आणि त्यावर विश्वास ठेवूनच मुलं हे खातात याचं फार वाईट वाटतं.

उतरायला इतका वेळ का लागतो, याचं उत्तर चढायला वेळ का लागतो यातच आहे. पूड अजून आतड्यात आहे, आतडं मंदावलेलं आहे, म्हणून तेल सुटत राहतं. ही द्रव्यं चरबीत विरघळणारी असल्याने शरीराच्या चरबीतही मुरतात. पहिले चोवीस तास तीव्र, दुसऱ्या दिवशी गुंगी, डोकेदुखी, अंगदुखी, तोंडाची कोरड. काहींना पूर्ण माणसात यायला तिसरा दिवस उजाडतो.

याला उतारा नाही. घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. गुंगीतल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका, झोपेची गोळी किंवा दारू चुकूनही देऊ नका. 108 ला फोन करा. खाऊन तासभरच झाला असेल आणि माणूस शुद्धीत असेल तर डॉक्टर सक्रिय कोळसा देऊ शकतात. त्यानंतर सलाइन, ईसीजी, लघवी तुंबली तर नळी, फार तगमग असेल तर देखरेखीखाली बेंझोडायझेपिन हे शांत करणारं औषध. बहुतेक जण बरे होतात. मृत्यू विरळा, पण नोंदलेले आहेत. एका नोंदीत जायफळाबरोबर झोपेचं औषधही रक्तात होतं.

लहान मुलांचा हिशोब वेगळा. बाळगुटीत जायफळाचे सहाणेवर एक-दोन वेढे देतात. बाळ रडतं, झोपत नाही, म्हणून वेढे वाढत जातात, आणि कुणी घाईत सरळ पूडच चाटवतं. पाच किलोच्या बाळाला वरच्या हिशोबाने अर्धा-पाऊण ग्रॅम, म्हणजे चमच्याचा पाव भाग, विषारी ठरू शकतो. जायफळाने आलेली झोप ही गुंगी असते. असं बाळ दूध ओढत नसेल, हाक मारल्यावर डोळे उघडत नसेल, तर लगेच दवाखाना गाठा.

दवाखान्यात एक गोष्ट आवर्जून सांगा : जायफळ खाल्लं आहे, किती आणि किती वाजता. लघवीच्या नेहमीच्या अमली पदार्थांच्या तपासणीत जायफळ दिसत नाही. सांगितलं नाही तर डॉक्टर धोतरा, गांजा, मेंदूज्वर असं एकेक शोधत बसतील. उरलेली पूड पुडीत बांधून सोबत न्या.