नॉर्मल आलेला रिपोर्ट

(दृश्य: टेबलावर ठेवलेला प्रयोगशाळेचा रिपोर्ट. कॅमेरा हळूहळू दोन आकड्यांवर येतो.)

रिपोर्टवर दोन आकडे आहेत. हिमोग्लोबिन 8.4. त्याच्यासमोर खालच्या दिशेचा बाण, म्हणजे कमी. त्याखाली एरिथ्रोपोएटिन, म्हणजे तांबड्या पेशींची संख्या सांभाळणारं संप्रेरक, 14. इथे बाण नाही, कारण छापलेली मर्यादा साधारण 4 ते 26 अशी आहे. पेशंट आहे बावन्न वर्षांची एक स्त्री. तिची मूत्रपिंडं बऱ्याच वर्षांपासून आजारी आहेत. लोह पुरेसं आहे, बी-12 पुरेसं आहे, रक्तस्राव कुठेही नाही. दम मात्र जिना चढताना अर्ध्यावरच लागतो.

या रिपोर्टमधला खरा बिघाड दुसऱ्या आकड्यात आहे. ज्याच्यापुढे बाण नाही, त्याच आकड्यात.

तो बिघाड कसा, हे कळायला आधी निरोगी शरीरात काय होतं ते पाहू.

(दृश्य: अस्थिमज्जेतल्या पेशी, सूक्ष्मदर्शकाखाली.)

आपल्या हाडांच्या मगजात दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त तांबड्या पेशी तयार होतात. प्रत्येकीचं आयुष्य सुमारे 120 दिवस. रोज जितक्या मरतात तितक्याच नव्या याव्या लागतात, आणि रक्त वाहून गेलं तर त्याहून जास्त. हा हिशेब मगज ठेवत नाही. हिशेब ठेवतं मूत्रपिंड.

ऐकायला विचित्र वाटतं. ऑक्सिजन आत येतो फुप्फुसातून, त्याची टंचाई सगळ्यात आधी जाणवते मेंदूला आणि हृदयाला. मग मोजमापाचं काम लघवी तयार करणाऱ्या अवयवाकडे का?

कारण मूत्रपिंडाचा ऑक्सिजनचा खर्च त्याच्या रक्तपुरवठ्याला बांधलेला आहे. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. तिथे ऑक्सिजन खर्च होतो तो मुख्यतः गाळलेलं मीठ परत रक्तात ओढून घेण्यासाठी. रक्त कमी आलं की गाळणं कमी, मीठ कमी, खर्चही कमी. स्नायूंचं असं नाही. धावायला लागलात की तिथला ऑक्सिजन घटतो, पण म्हणून रक्त कमी झालं असं होत नाही. असा अवयव तपासनीस म्हणून कुचकामी. मूत्रपिंडात मात्र प्रवाह आणि खर्च बरोबरीने वरखाली होतात. त्यामुळे तिथला ऑक्सिजन घटला, तर बहुतेक वेळा रक्तच ऑक्सिजन कमी आणतंय असा अर्थ निघतो.

(दृश्य: मूत्रपिंडाचा उभा छेद. नलिकांच्या मधल्या जागेत विखुरलेल्या पेशी उजळतात.)

मूत्रपिंडाच्या नलिकांच्या मधल्या जागेत काही पेशी आहेत. त्यांच्यात एक प्रथिन सतत बनत असतं. नाव आहे हिफ. बनतं आणि काही मिनिटांत नष्टही होतं, दिवसरात्र. वरवर पाहता निव्वळ उधळपट्टी.

पण ते नष्ट होण्यासाठी लागतो ऑक्सिजन. एक विकर ऑक्सिजनचा एक अणू घेऊन हिफवर चिकटवतं. ती खूण व्हीएचएल नावाचं दुसरं प्रथिन ओळखतं आणि हिफची रवानगी पेशीच्या मोडीत होते. ऑक्सिजन कमी पडला की खूण लागत नाही. खूण नाही म्हणून हिफ वाचतं, पेशीच्या केंद्रकात जातं आणि एरिथ्रोपोएटिनचं जनुक चालू करतं. इथे वेगळा मोजणारा आणि वेगळा कळवणारा असं काही नाही. ज्या रासायनिक क्रियेत ऑक्सिजन खर्च होतो, तीच क्रिया त्याचं मोजमाप. ही साखळी उलगडल्याबद्दल सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना 2019 चं नोबेल मिळालं.

टंचाई वाढली की प्रत्येक पेशी थोडं थोडं जास्त एरिथ्रोपोएटिन बनवते, असं नाही. पेशी जवळजवळ चालू किंवा बंद, अशाच असतात. वाढते ती चालू झालेल्या पेशींची संख्या. तीव्र रक्तक्षयात म्हणूनच रक्तातली पातळी नेहमीच्या शेकडो पट वर जाऊ शकते.

(दृश्य: रक्तवाहिनीतून मगजाकडे जाणारा प्रवाह.)

मगजात पोचल्यावर एरिथ्रोपोएटिन काय करतं? नव्या पेशी बनवा, असा हुकूम देतं असं आपण सहज म्हणतो. खरं तर ते पेशींना मरू देत नाही. तांबड्या होऊ घातलेल्या कोवळ्या पेशी मगजात नेहमीच गरजेपेक्षा जास्त असतात आणि त्यातल्या पुष्कळशा स्वतःहून मरतात. एरिथ्रोपोएटिन वाढलं की त्यातल्या जास्त तगतात.

अपघातात पुष्कळ रक्त गेलेला, पण मूत्रपिंडं धडधाकट असलेला एक माणूस घ्या. संप्रेरक काही तासांतच चढतं. नव्या, अर्ध्या कच्च्या पेशी रक्तात वाढलेल्या दिसतात तीन-चार दिवसांनी. हिमोग्लोबिन भरून यायला मात्र आठवडे लागतात. जसजसं ते भरतं, तसा मूत्रपिंडाला ऑक्सिजन मिळू लागतो, हिफ पुन्हा मोडीत जातं आणि संप्रेरक उतरतं.

या माणसाचं हिमोग्लोबिनही 8.4 वर गेलं, तर त्याचं एरिथ्रोपोएटिन किती असावं? शंभराच्या आसपास किंवा वर.

(दृश्य: पुन्हा तोच रिपोर्ट. 14 या आकड्यावर कॅमेरा स्थिर.)

आणि आपल्या पेशंटचं आहे 14. घर जळतंय आणि घंटा रोजच्यासारखी हळूच वाजतेय. छापलेली मर्यादा आहे ती रक्तक्षय नसलेल्या माणसांची. हा आकडा हिमोग्लोबिनच्या शेजारी ठेवल्याशिवाय वाचताच येत नाही. उलट बाजूनेही तसंच. हिमोग्लोबिन 18 आणि एरिथ्रोपोएटिन तळाला, तर मगज हुकमाशिवाय स्वतःच सुटलाय अशी शंका घ्यावी लागते. हिमोग्लोबिन 18 आणि एरिथ्रोपोएटिनही वर, तर आधी फुप्फुसांकडे आणि सिगारेटच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडकडे बघायचं.

तिच्या मूत्रपिंडात काय बिघडलं? संप्रेरक बनवणाऱ्या काही पेशींनी काम बदललं आणि त्या व्रणाचे धागे विणू लागल्या. पण गोष्ट एवढीच नाही. हिफवर खूण करणारं विकर अडवणाऱ्या गोळ्या आता निघाल्या आहेत. अशा पेशंटना त्या दिल्या की त्यांचं स्वतःचं एरिथ्रोपोएटिन वाढतं. म्हणजे क्षमता पूर्ण मेलेली नव्हती. आजारी मूत्रपिंड मीठ कमी ओढतं, म्हणून ऑक्सिजनही कमी खर्च करतं. त्यामुळे रक्त पातळ झालेलं असूनही त्याला टंचाई पुरेशी जाणवत नाही, असं मानलं जातं. मला हा भाग सगळ्यात चटका लावणारा वाटतो: ज्या जोडणीमुळे हा अवयव चांगला तपासनीस ठरला, तीच आता त्याला फसवते.

(दृश्य: इंजेक्शनची छोटी सिरिंज.)

तिला आठवड्याला एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन सुरू झालं. असं औषध 1989 पासून वापरात आहे. हिमोग्लोबिन थेट निरोगी माणसाइतकं का नाही न्यायचं, असा प्रश्न साहजिक आहे. 2006 च्या एका मोठ्या चाचणीत तेच करून पाहिलं. 13.5 चं लक्ष्य ठेवलेल्या गटात मृत्यू आणि हृदयाचे त्रास मिळून 11.3 च्या गटापेक्षा जास्त निघाले. तेव्हापासून लक्ष्य खालीच ठेवतात.

आणि मोजमाप आता डॉक्टरच्या हातात आलंय. मूत्रपिंड दर मिनिटाला मोजत होतं, डॉक्टर मोजतात दर महिन्याला. आज डोस वाढवला तर त्याचं फळ दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. चार आठवड्यांनी तिचं हिमोग्लोबिन 9.1 आलं. तिने विचारलं, डोस वाढवूया का? डॉक्टर म्हणाले, थांबा, मागच्या डोसच्या पेशी अजून यायच्यात.