आधी पेग, मग गांजा : अर्ध्या तासात काय घडते

[दृश्य : रात्रीचा पन्हाळा रस्ता, शेतातल्या घरावरचा एकच दिवा. निवेदन सुरू.]

कोल्हापूरच्या बाहेर, पन्हाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका शेतघरात चार मित्र रात्री जमले आहेत, असे समजू. चुलीवर तांबडा रस्सा उकळतो आहे आणि जेवणाला अजून अवकाश आहे. त्यांच्यातल्या सत्तर किलो वजनाच्या एका तरुणाने दीड तासात व्हिस्कीचे साठ मिलिलिटरचे दोन पेग घेतले आहेत. तो हसतो आहे, नीट बोलतो आहे, त्याचा तोलही गेलेला नाही. मग गांजा भरलेली सिगारेट फिरत फिरत त्याच्यापर्यंत येते आणि तो चार-पाच खोल झुरके घेतो. वीस मिनिटांच्या आत त्याचा चेहरा पांढराफटक पडतो, कपाळावर आणि मानेवर दरदरून गार घाम येतो, तोंडाला पाणी सुटते आणि तो म्हणतो, "गरगराय लागलंय भावा, जरा पडतो." अंथरुणावर आडवे होताच गरगर कमी होण्याऐवजी वाढते, आणि दोन मिनिटांत उलटी होते. तरुण मंडळींत या अवस्थेला ग्रीनिंग आउट म्हणतात. प्रसंग कल्पित असला तरी त्यातला क्रम नेहमीचा आहे.

मित्रांचे निदान ठरलेले असते : माल खराब होता, नाहीतर याला दारू सोसत नाही. पण गांजा तोच आणि दारूही बेताची असली तरी हे घडू शकते.

[दृश्य : मोजमापाचा पेला, त्याशेजारी कोरा कागद आणि पेन.]

आधी दारूचा हिशोब करू. आपल्याकडच्या व्हिस्कीत अल्कोहोलचे प्रमाण साधारण ४२.८ टक्के असते, त्यामुळे साठ मिलिलिटरच्या एका पेगमधून सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते आणि दोन पेगमधून ४०. दीड तासात यकृताने काही भाग निकामी केला तरी या तरुणाच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे अंदाजे ६० मिलिग्रॅम अल्कोहोल उरते. गाडी चालवण्यासाठी आपल्या कायद्याने घातलेल्या ३० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या हे दुप्पट आहे, तरीही पिणाऱ्याला स्वतःला मात्र आपण शुद्धीत आहोत असेच वाटत असते.

अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित प्रयोगात साधारण याच पातळीला पोहोचलेल्या लोकांना यंत्रातून गांजाची वाफ ओढायला दिली गेली. गांजातला नशा आणणारा मुख्य घटक म्हणजे टीएचसी. जास्त मात्रेच्या गांजानंतर रक्तातली टीएचसीची सर्वोच्च पातळी दारूशिवाय लिटरमागे सुमारे ४२ मायक्रोग्रॅम होती. दारूनंतर तीच मात्रा घेतली तेव्हा ती सुमारे ६७ पर्यंत गेली. अल्कोहोलने रक्तवाहिन्या सैल होतात आणि ओढलेले द्रव्य अधिक वेगाने शोषले जाते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. त्यामुळे नेहमीचे चार झुरके घेणाऱ्याच्या शरीरात त्या रात्री सहा झुरक्यांइतका ऐवज पोहोचू शकतो, आणि ओढलेल्या गांजाची रक्तातली पातळी दहा मिनिटांच्या आतच शिगेला जात असल्याने मात्रा जास्त झाली हे कळेपर्यंत ती परत घेण्याची सोय राहिलेली नसते.

गांजाचाही दारूवर परिणाम होतो. प्यायला सुरुवात केल्यावर थोड्याच वेळात गांजा ओढल्यास पोटातली दारू रक्तात उशिरा आणि कमी उसळीने उतरते, असे १९९२ च्या एका प्रयोगात दिसले होते. हा काही सुरक्षित मार्ग नव्हे, कारण दारू चढेना म्हणून माणूस आणखी एक पेग भरतो आणि तो सगळा साठा नंतर एकत्र वर येतो.

[दृश्य : अंतर्कर्णाची आकृती, तीन अर्धवर्तुळाकार नलिका.]

आता गरगर. आपला तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि प्रत्येक नलिकेत कुप्युला नावाचा एक मऊ, लवचीक पडदा असतो. एरवी पडदा आणि द्रव यांची घनता सारखी असते, म्हणून पडदा फक्त डोके वळवल्यावर हलतो. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असते आणि ते रक्तातून आधी पडद्यात शिरते, भोवतीच्या द्रवात उशिरा. त्यामुळे काही तास पडदा द्रवापेक्षा हलका राहतो आणि माणूस आडवा झाला की तो वर ढकलला जातो. डोके स्थिर असूनही मेंदूला 'आपण फिरतो आहोत' असा निरोप जातो आणि डोळेही त्याप्रमाणे एका बाजूला सरकून झटके देऊ लागतात. नुसत्या दारूत मेंदू हा खोटा निरोप काही अंशी दाबून टाकू शकतो. पण तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत टीएचसी ज्यांवर काम करते ती ग्राहके दाटीने असतात, आणि ती व्यापली गेली की ही सावरणारी यंत्रणाही ढिली पडू शकते.

घामाचे आणि पांढरेपणाचे मूळ रक्तदाबात आहे. टीएचसीने नाडी वेगाने चालू लागते आणि वाहिन्या फाकतात. उभे राहिल्यावर पायांतल्या वाहिन्या आवळून रक्त वर ठेवण्याची जी प्रतिक्रिया व्हायला हवी, ती अल्कोहोल मंदावते. दोन्ही एकत्र आले की बसलेला माणूस उठताच दाब कोसळतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मळमळीच्या जोडीने गार घाम फुटतो. लघवीला उठलेला मित्र न्हाणीघरातच पडतो, तो यामुळे. अशा वेळी खरी इजा बहुधा फरशीवर डोके आपटून होते.

[दृश्य : कुशीवर झोपवण्याची पद्धत, सावकाश.]

त्याला उभे करून फिरवू नये, थंड पाण्याखाली धरू नये, आणि घशात बोटे घालून उलटी काढू नये. लिंबू, चिंचेचे पाणी किंवा काळी कॉफी यांनी रक्तातले टीएचसी किंवा अल्कोहोल उतरत नाही, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात काही ओतले तर ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. त्याला कुशीवर, वरचा गुडघा पुढे दुमडून झोपवावे, कोणीतरी जवळ बसून राहावे, दिवा चालू ठेवावा. डोळे उघडे ठेवून स्थिर वस्तूकडे पाहिल्याने अंतर्कर्णाचा खोटा निरोप काही प्रमाणात दबतो, म्हणून अंधाऱ्या खोलीत डोळे मिटणे अधिक वाईट.

ग्रीनिंग आउटमध्ये माणूस हाक मारल्यावर उत्तर देतो, कण्हतो, शिव्याही देतो, आणि साधारण दोन-तीन तासांत सावरू लागतो. तो हलवूनही जागा होत नसेल, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, झटके येत असतील किंवा छातीत दुखत असेल, तर ते ग्रीनिंग आउट समजून थांबू नये; १०८ ला फोन करून काय काय आणि किती घेतले ते स्पष्ट सांगावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याच्या बाबतीत असाच घाम साखर घसरल्यामुळेही येतो. गांजा बेकायदा असल्याने मित्र पोलिसांच्या भीतीने डॉक्टरांपाशी फक्त दारूचे सांगतात, आणि मग वेगवान नाडी व पडलेला दाब यांचा मेळ लागायला विनाकारण वेळ जातो.

[दृश्य : पहाट, शेतघराचे अंगण.]

सकाळी गरगर पुन्हा येऊ शकते, आणि तेव्हा गांजाचा अंमल बराचसा ओसरलेला असतो. अल्कोहोल पडद्यातून आधी बाहेर पडते आणि द्रवात काही तास रेंगाळते. आता पडदाच द्रवापेक्षा जड असतो, म्हणून कुशीवर वळल्यावर खोली रात्रीच्या उलट दिशेने फिरते. सकाळी उताऱ्याचा म्हणून घेतलेला पेग ही गरगर खरोखर थांबवतो, कारण पडद्यात पुन्हा अल्कोहोल शिरून दोन्हींची घनता काही काळ सारखी होते. तो उतरला की पडदा पुन्हा जड होतो आणि उरलेली गरगर दुपारी भोगावी लागते.