काजूची बाग, मिठागर आणि दोघांच्या फायद्याचा हिशेब

(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सौद्यात दोघांचाही फायदा कसा होतो, हा आजचा विषय. त्यातील ‘शून्य-बेरीज खेळ’ हा शब्द आपण वर्तमानपत्रांत वरचेवर वाचतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या जागी वापरलेला असतो. मूळ अर्थ काटेकोर आहे. १९२८ मध्ये जॉन फॉन नॉयमान यांनी ज्या खेळांविषयीचा आपला सिद्धांत मांडला, त्यांत दोनच खेळाडू असतात आणि एकाने जेवढे जिंकले नेमके तेवढेच दुसऱ्याने हरलेले असते, म्हणून दोघांच्या कमाईची बेरीज नेहमी शून्य येते. पैसे लावून मांडलेला पत्त्यांचा डाव तसा असतो. अशा डावात बोलणी करण्यासारखे काहीच नसते, हे मात्र आपण सहसा लक्षात घेत नाही. समोरच्याला मी जे काही सांगेन त्याने माझे नुकसानच होणार असेल, तर मी बोलावे कशासाठी? तेव्हा दोन माणसे सौद्यासाठी ओसरीवर समोरासमोर बसली, की त्यांचा खेळ शून्य-बेरजेचा नाही हे त्यांनी बसण्यातूनच कबूल केलेले असते. सौदा फिसकटला तर दोघांचेही काही ना काही जाते. असे असूनही बहुतेक माणसे तो सौदा शून्य-बेरजेचा असल्यासारखाच खेळतात. त्यांचे नेमके किती जाते, ते आज एका उदाहरणावरून मोजून पाहू.

समजा, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एक काजूची बाग आहे. तिचा मालक, म्हणजे भाटकार, पणजीला नोकरी करतो, त्यामुळे हंगामात बागेकडे पाहायला त्याला सवड नाही. गावातला एक फेणी गाळणारा, त्याला आपण भट्टीवाला म्हणू, ती बाग एका हंगामासाठी मक्त्याने मागतो आहे. त्याला बोंडू हवेत, कारण बोंडू तुडवून निघालेला रस आंबवून तो हुर्राक आणि फेणी काढतो. बिया विकून येतील ते पैसे वेगळे. आकडे मी मनाने घेतले आहेत, हिशेब सोपा जावा एवढाच त्यांचा उपयोग. बागेतील रान भाटकाराने कापून द्यायचे आणि सगळी रक्कम फेब्रुवारीत रोख द्यायची, हा गावातला जुना रिवाज आहे. त्या रिवाजाप्रमाणे भाटकाराला ८०,००० रुपयांपेक्षा कमी परवडत नाही. तेवढे मिळत नसतील तर तो शेजाऱ्याला बाग देईल. भट्टीवाल्याला १,१०,००० च्या वर परवडत नाही. त्यापेक्षा तो दुसऱ्या गावातून बोंडू विकत आणील. या दोन आकड्यांमध्ये ३०,००० रुपयांची जागा आहे. सौदा झाला तरच ही रक्कम अस्तित्वात येते, आणि झाला नाही तर ती कोणाच्याच हाती लागत नाही.

आता दोघे केवळ रकमेवर घासाघीस करू लागले, तर भाटकाराच्या हातात गेलेला प्रत्येक रुपया भट्टीवाल्याच्या खिशातून गेलेला असेल. या मर्यादित अर्थाने त्या ३०,००० रुपयांची वाटणी शून्य-बेरजेची आहे, आणि ‘मी जरा ढिला पडलो की तो खाणार’ ही दोघांची भीतीही खोटी नाही. समजा, बरीच ओढाताण होऊन सौदा ९५,००० वर ठरला. दोघांना आपापल्या मर्यादेपेक्षा पंधरा-पंधरा हजारांनी बरे झाले, दोघांनी चहा घेतला, आणि आपण व्यवहार चांगला केला असे मानून दोघे घरी गेले.

पण रिवाजातल्या दोन गोष्टींना कोणीही हात लावला नाही, आणि खरे तर पैसा तिथेच पडून होता. पहिली गोष्ट रक्कम कधी द्यायची ही. फेब्रुवारीत भट्टीवाल्याजवळ रोकड नसते. त्याचा पैसा एप्रिल-मेमध्ये हुर्राक आणि फेणी विकली जाते तेव्हा हातात येतो. आगाऊ रक्कम देण्यासाठी त्याला उसनवारी करावी लागते आणि तिचा भुर्दंड ९,००० रुपये पडतो, असे धरू. भाटकाराला पैसे लागतात ते जूनमध्ये, मुलाची कॉलेजची फी भरायला. फेब्रुवारीत आलेली रक्कम तो तोपर्यंत बँकेतच ठेवणार, त्यामुळे ती उशिरा आली तर त्याचे जेमतेम १,५०० रुपयांचे व्याज बुडेल. म्हणजे रक्कम जूनवर ढकलली की एकाचे ९,००० वाचतात आणि दुसऱ्याचे १,५०० जातात. निव्वळ ७,५०० रुपये नव्याने जन्माला येतात. दुसरी गोष्ट रान कापण्याची. गळलेले बोंडू वेचायचे तर झाडाखालची जमीन मोकळी हवी. पणजीहून फोनवर मजूर ठरवणाऱ्या भाटकाराला त्या कामासाठी १२,००० रुपये पडतात. भट्टीवाल्याची माणसे हंगामापूर्वी रिकामीच असल्यामुळे त्याला ते काम ७,००० मध्ये पडते. इथे ५,००० वाचतात.

दोन्ही गोष्टी बदलून हिशेब पुन्हा मांडू. रान कापून द्यायचे नसल्यामुळे आणि पैसे जूनमध्ये घ्यायचे असल्यामुळे भाटकाराची खालची मर्यादा ८०,००० वरून ६९,५०० वर येते. भट्टीवाल्याची वरची मर्यादा १,१०,००० वरून १,१२,००० वर जाते. मधली जागा ३०,००० ची ४२,५०० झाली. यातील साडेबारा हजार रुपये कोणी कोणाकडून हिसकावलेले नाहीत. जी गोष्ट एकाला महाग आणि दुसऱ्याला स्वस्त पडते, ती स्वस्त पडणाऱ्याकडे सरकवली, एवढेच केले. विन-विन म्हणून ज्या सौद्यांचा गवगवा होतो त्यांच्या तळाशी साधारण हीच यंत्रणा असते. माणसांच्या गरजा वेगळ्या असतात म्हणून सौद्यात वाढ होते. दोघांनाही सारखीच गोष्ट सारख्याच निकडीने हवी असती, तर वाढवण्यासारखे फारसे उरलेच नसते. ‘आपण दोघे एकाच विचाराचे’ असे म्हणत सौद्याला बसणारी माणसे म्हणूनच मला थोडी धास्तीची वाटतात.

मात्र इथे पुष्कळ वक्ते थांबतात, आणि मला वाटते ते घाईने थांबतात. समजा, नव्या अटींवर भट्टीवाला म्हणाला, ‘भाटकारबाब, रानही मी कापतो, तुमची कटकट मिटली, ८५,००० जूनमध्ये देतो,’ आणि भाटकाराने मान डोलावली. दोघांचाही फायदा झाला का? झाला. भाटकाराला मर्यादेपेक्षा १५,५०० अधिक मिळाले, म्हणजे जुन्या सौद्यापेक्षा ५०० जास्त. भट्टीवाल्याला मात्र २७,००० सुटले, म्हणजे जुन्या सौद्यापेक्षा १२,००० जास्त. नव्याने निर्माण झालेल्या साडेबारा हजारांपैकी बारा हजार एकाच ताटात गेले, तरीही या सौद्याला दोघांच्या फायद्याचा सौदाच म्हणावे लागेल. वाढवणे आणि वाटणे ही दोन कामे एकाच बैठकीत चालतात, आणि दुसऱ्या कामाचे शून्य-बेरजेचे स्वरूप पहिल्या कामामुळे जात नाही. जॉन नॅश यांनी १९५० मध्ये सुचवलेली वाटणी अशी की दोघांना आपापल्या मर्यादेवर जो फायदा होतो, त्या दोन फायद्यांचा गुणाकार सर्वांत मोठा यावा. आपल्या उदाहरणात सगळा फायदा रुपयांत असल्यामुळे ती वाटणी निम्मी-निम्मी येते: २१,२५० प्रत्येकी, म्हणजे मक्ता ९०,७५० रुपये. नॅश यांचे उत्तर कोणावर बंधनकारक नाही, पण ८५,००० ला हो म्हणण्यापूर्वी भाटकाराला हा आकडा ठाऊक असता, तर त्याची मान इतक्या सहज डोलली नसती.

मग सौदा करावा कसा? खरी अडचण अशी की वाढवण्यासाठी माहिती सांगावी लागते, आणि तीच माहिती वाटणीच्या वेळी आपल्यावर उलटते. भाटकाराने ‘मला पैसे जूनपर्यंत नकोतच’ असे सुरुवातीलाच मोकळेपणी सांगितले, तर त्या सवलतीची किंमत तो गमावून बसतो. आणि काहीच सांगितले नाही तर ७,५०० रुपये कोणालाच दिसत नाहीत. अनुभवी माणसे इथे एक भेद पाळतात. आपल्याला कशाची निकड जास्त आणि कशाची कमी, हा क्रम ते सांगतात, पण मर्यादेचा आकडा सांगत नाहीत. याहून सुरक्षित मार्ग असा की आपल्याला सारखेच पडणारे दोन प्रस्ताव एकदम ठेवावेत. भाटकाराने म्हणावे, ‘फेब्रुवारीत देत असाल तर ९६,०००, जूनमध्ये देत असाल तर ९७,५००.’ भट्टीवाल्याने दुसरा प्रस्ताव झटकन उचलला, की रोकडीची अडचण त्याला आहे हे प्रश्न न विचारताच कळते. मुद्दे एकेक करून मिटवायचे नाहीत, हेही इथे आले. आधी रक्कम पक्की केली, मग रानाचा विषय काढला, मग मुदतीचा, तर प्रत्येक विषय सुटा आणि शून्य-बेरजेचा होतो, कारण बदल्यात देण्यासारखे काही शिल्लकच राहत नाही.

आता गोव्याच्याच इतिहासातला एक सौदा, कारण वरच्या हिशेबात एक छिद्र आहे आणि ते तिथे उघडे दिसते. १८७८ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात एक करार झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर जबर कर होता, गोव्यातले मीठ स्वस्त होते, आणि ते सरहद्दीवरून चोरून पलीकडे जात असे. ब्रिटिशांना हे थांबवायचे होते. पोर्तुगिजांना मुरगाव बंदर देशाच्या आतल्या भागाशी जोडणारी रेल्वे हवी होती आणि त्यांच्या तिजोरीला पैसा हवा होता. एकाला जे महाग ते दुसऱ्याला स्वस्त, हे सूत्र इथे अगदी चपखल बसते. गोव्यातील मीठ उत्पादनावरचे नियंत्रण ब्रिटिश सरकारकडे गेले, दोन्ही मुलखांमधील जकातीची सीमा उठली, पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले, आणि रेल्वेचा मार्ग मोकळा झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना फायदा झाला होता.

त्या टेबलाशी मिठागरवाले मात्र नव्हते. उत्पादनावर बंधने आली, मीठ महागले, आणि पिढ्यान्‌पिढ्या आगरात राबणाऱ्यांच्या हातचा धंदा आकसला. मासळी खारवणाऱ्यांनाही त्याची झळ बसली. करार १८९२ मध्ये संपला आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही; दूधसागरावरून जाणारी रेल्वे मात्र आजही चालू आहे. दोन सरकारांच्या फायद्याची बेरीज करून हा करार यशस्वी ठरवणारा माणूस हिशेबात चूक करत नसतो. त्याने फक्त वहीतले तिसरे पान उघडलेले नसते. सौद्यातला फायदा खरोखर निर्माण झाला की टेबलाशी नसलेल्या कोणाकडून आला, हे दोन बाजूंचे आकडे पाहून कधीच कळत नाही.

म्हणून पुन्हा एकदा त्या काजूच्या बागेत जाऊ. मुदत बदलून मिळालेल्या ७,५०० रुपयांविषयी मला शंका नाही. उसनवारीचे महाग व्याज वाचले आणि ज्याला घाई नव्हती तो थांबला. पण रान कापण्यात वाचलेल्या ५,००० रुपयांविषयी मी आपल्याला इतका वेळ एक गोष्ट विचारू दिली नाही. भट्टीवाल्याला ते काम ७,००० मध्ये का पडते? त्याची माणसे जवळ राहतात, ये-जा आणि मुकादमाचे पैसे वाचतात, आणि एरवी ते दिवस त्यांना बिनकामाचे गेले असते, असे असेल तर ते ५,००० खरे आहेत. पण ‘हंगामात बोंडू वेचायचे काम हवे असेल तर आधी रान कमी रोजात कापून द्या’ असे त्याने त्यांना सांगितले असेल, तर ती बचत त्यांच्या रोजातून निघाली आहे. दोन्ही बाबतींत भाटकाराला आणि भट्टीवाल्याला दिसणारा आकडा अगदी तोच असतो. फरक कळायचा तर कापणाऱ्यांना दिवसाचा रोज किती मिळाला आणि तेच काम भाटकाराकडे केले असते तर किती मिळाला असता, हे बागेत जाऊन त्यांनाच विचारावे लागेल.