प्लेलिस्ट हलवताना गाणी कुठे गळतात

(ठाण्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आज एकाच प्रश्नाबद्दल बोलायचे आहे. वर्षानुवर्षे जमवलेली गाण्यांची यादी एका संगीत-ॲपवरून दुसऱ्यावर नेताना नेमकी कोणती गाणी हरवतात, आणि ती हरवली हे आपल्याला कळावे कसे? हा प्रश्न काल्पनिक नाही. गुगल प्ले म्युझिक 2020 साली बंद झाले, रेसो 2024 च्या जानेवारीत भारतातून गेले आणि त्याच वर्षी विंक म्युझिकही आटोपले. ज्यांची यादी तिथे होती, त्यांना ती हलवावीच लागली.

आधी प्लेलिस्ट म्हणजे काय, ते पाहू. आपण गाण्यापुढचे चिन्ह दाबून ते यादीत घालतो तेव्हा गाणे आपल्याकडे येत नाही. त्या सेवेने त्या ध्वनिमुद्रणाला दिलेला एक अंतर्गत क्रमांक तेवढा यादीत नोंदवला जातो. हा क्रमांक दुसऱ्या सेवेला कळत नाही. त्यामुळे यादी हलवणारे Soundiiz किंवा TuneMyMusic यांसारखे साधन प्रत्यक्षात काही उचलून नेत नाही. ते जुन्या यादीतले गाण्याचे नाव, कलाकार आणि अल्बम वाचते, नव्या सेवेच्या शोधखिडकीत ते टाकते आणि जे सर्वांत जुळणारे वाटेल ते नव्या यादीत भरते. सगळी गळती या जुळवणीतच होते.

इंग्रजी गाण्यांच्या बाबतीत ही जुळवणी बऱ्यापैकी नीट होते, मराठी गाण्यांच्या बाबतीत मात्र ती अडखळते, आणि त्याची कारणे आपल्या गाण्यांच्या नोंदींतच आहेत. तुकाराम महाराजांचा ‘सुंदर ते ध्यान’ हा अभंग घ्या. एका सेवेवर तो `Sundar Te Dhyan` असा दिसेल, दुसरीकडे `Sunder Te Dhyaan` असा, तिसरीकडे ‘उभे विटेवरी’ हे शब्दही नावात जोडलेले असतील, तर कुठे तो देवनागरीत असेल. शिवाय हा अभंग लता मंगेशकरांनी श्रीनिवास खळे यांच्या चालीत गायला आहे, तसा इतर अनेकांनी आपापल्या चालींत गायला आहे. एका सेवेने कलाकाराच्या रकान्यात गायिकेचे नाव आधी लिहिले आणि दुसरीने संगीतकाराचे, तर नाव जुळते पण कलाकार जुळत नाही, असे साधनाला वाटते. मग ते त्याच नावाचे दुसऱ्याच कुणी गायलेले गाणे उचलते आणि अहवालात ‘सापडले’ असे लिहून मोकळे होते.

म्हणून माझे सांगणे असे की, ‘सापडले नाही’ या रांगेची फारशी काळजी करू नये. ती निदान आपल्याला दिसते. खरी काळजी ‘सापडले’ या रांगेची करावी, कारण चुकीचे गाणे तिच्यात बेमालूम बसलेले असते आणि ते आपल्याला सहा महिन्यांनी, स्वयंपाक करता करता किंवा लोकलमध्ये कानाला लावल्यावर, अचानक ऐकू येते. तोवर जुने खाते बंद केलेले असते आणि मूळ कोणते होते हे तपासायची सोय उरलेली नसते.

यावरचा उत्तम आधार म्हणजे आयएसआरसी. हा ध्वनिमुद्रणाला मिळणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक बारा अक्षर-अंकांचा असतो: सुरुवातीची दोन अक्षरे बहुधा देशाची, पुढची तीन क्रमांक घेणाऱ्या कंपनीची, मग वर्षाचे दोन अंक आणि शेवटी पाच अंकांचा अनुक्रम. यातले वर्ष क्रमांक दिला त्या साली पडते, गाणे झाले त्या साली नव्हे, त्यामुळे साठच्या दशकातल्या गाण्यावर या शतकातले वर्ष दिसले तर गोंधळून जाऊ नये. महत्त्वाचे हे की हा क्रमांक गीताचा नसून एका विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा असतो. तीच गायिका तेच गाणे मैफलीत पुन्हा गायली, तर त्याला वेगळा क्रमांक मिळतो. दोन्ही सेवांवर क्रमांक एकच असेल, तर ते तेच ध्वनिमुद्रण आहे असे जवळजवळ निश्चित धरता येते. उलट मात्र खरे नाही. आपल्याकडे एकच जुने ध्वनिमुद्रण कंपनी वेगवेगळ्या संकलनांतून पुन्हा पुन्हा काढते आणि काही वेळा प्रत्येक वेळी नवा क्रमांक देते. म्हणून क्रमांक जुळला नाही, तर गाणे चुकलेच असे समजू नये, फक्त तपासायला घ्यावे.

हे प्रत्यक्षात कसे करायचे, ते एका यादीवरून सांगतो. पाचपाखाडीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकांची स्पॉटिफायवरची यादी आम्ही दुसऱ्या सेवेवर नेली. सुरुवातीला पडद्यावर 398 गाणी दिसत होती. सेटिंग्जमध्ये, उपलब्ध नसलेली गाणी यादीत दाखवा, असा एक पर्याय असतो आणि तो सहसा बंद असतो. तो चालू केल्यावर यादी 412 गाण्यांची झाली. करार संपल्यामुळे करडी पडलेली 14 गाणी तोवर लपलेली होती. 2023 च्या मार्चमध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून उतरली होती, हे आपल्यापैकी काहींना आठवत असेल. अशी गाणी परत आली तरी ती नव्या अंतर्गत क्रमांकाने येऊ शकतात, आणि मग जुनी नोंद करडीच राहते. तेव्हा मोजणी नेहमी हा पर्याय चालू करूनच करावी.

मग हलवण्याआधीच त्या साधनातून जुनी यादी सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरात रकाने मांडलेली, फाइल म्हणून उतरवून घेतली. तीत गाणे, कलाकार, अल्बम आणि आयएसआरसी असे रकाने होते. त्यानंतर यादी हलवली. अहवाल आला: 401 सापडली, 11 नाहीत. मग नव्या सेवेवरची यादी त्याच साधनातून पुन्हा फाइल म्हणून उतरवली आणि दोन्ही फाइली गुगल शीट्समध्ये दोन पानांवर घेतल्या. जुन्या पानाला Old आणि नव्याला New असे नाव दिले, दोन्हींत आयएसआरसी D रकान्यात ठेवला आणि जुन्या पानावरच्या एका मोकळ्या रकान्यात हे सूत्र खालपर्यंत ओढले:

```
=COUNTIF(New!D:D, D2)
```

जिथे 1 आला ते गाणे तेच. जिथे 0 आला ते हाताने पाहायचे. 401 पैकी 338 गाणी इथेच निकालात निघाली, उरली 63. प्रत्येक गाण्याचा कालावधी दोन्ही ॲपवर पाहिला आणि कलाकाराचे नाव वाचले. 44 गाण्यांत गायक तोच होता आणि कालावधीत एक-दोन सेकंदांचाच फरक होता. ती दुसऱ्या संकलनातून आलेली तीच ध्वनिमुद्रणे निघाली. 19 मात्र चुकीची होती: 9 वेगळ्या गायकांची, 7 मैफलीतली किंवा पुन्हा ध्वनिमुद्रित केलेली, आणि 3 चक्क कॅराओके. या तिसऱ्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावे. कॅराओकेचा कालावधी मूळ गाण्याइतकाच असतो, म्हणून निव्वळ मिनिटे-सेकंद पाहून चालत नाही. कलाकाराच्या जागी एखाद्या अनोळखी संस्थेचे नाव दिसले की दहा सेकंद ऐकून पाहावे.

चुकलेल्या 19 पैकी 14 गाणी मुखड्याचे रोमन स्पेलिंग बदलून किंवा अल्बमच्या नावाने शोधल्यावर योग्य रूपात मिळाली, आणि न सापडलेल्या 11 पैकी 7 गाण्यांचेही तसेच झाले. उरलेली 9 गाणी नव्या सेवेच्या संग्रहातच नव्हती. त्या बाईंना हे वाईट वाटले, पण कोणती 9 आणि कुणी गायलेली हे त्यांना ठाऊक आहे, आणि ती पुढे कधी आली की घालता येतील.

दोन गोष्टी कुठल्याही साधनाने हलत नाहीत, त्या हाताशी लिहून ठेवाव्यात. आपल्या संगणकातली जी गाणी ॲपमध्ये जोडली होती, ती नव्या सेवेला दिसतच नाहीत. आणि गाणे यादीत कधी घातले ती तारीख जाते. सगळ्यांवर हलवल्याचा दिवस पडतो, त्यामुळे ‘नुकतेच घातलेले’ हा क्रम निरर्थक होतो. ‘आवडलेली गाणी’ ही बऱ्याच ठिकाणी प्लेलिस्ट नसून वेगळा साठा असतो. साधनात ती वेगळी निवडावी लागते. ती राहून गेल्याचे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

आता कायमच्या नोंदवहीकडे येतो. यूट्यूब म्युझिकची यादी गुगल टेकआउटमधून उतरवून घेतली की आपल्याला वाटते, काम झाले. ती फाइल उघडून पाहा. प्लेलिस्टच्या फाइलमध्ये `Video ID` आणि ते गाणे घातल्याची वेळ एवढेच असते, नाव नसते. तो व्हिडिओ कुणी काढून टाकला की त्या अकरा अक्षरांवरून गाणे कोणते होते हे कळायला मार्ग राहत नाही. दुव्यांची यादी ही नावांची यादी नव्हे, आणि जपायची आहे ती नावांची.

माझ्या मते या नोंदवहीत गाण्याचा मुखडा देवनागरीत असावा, ॲपवर दिसणारे रोमन नाव जसेच्या तसे असावे, गायक आणि संगीतकार वेगवेगळ्या रकान्यांत असावेत, मग चित्रपट किंवा अल्बम, कालावधी आणि मिळाल्यास आयएसआरसी. शेवटी शेऱ्यासाठी एक मोकळा रकाना ठेवावा. तो मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ‘सुरुवातीला लांब आलाप असलेले’, ‘रेडिओवर लागायचे ते, कडवे गाळलेले नाही’ असल्या गोष्टी कुठल्याच क्रमांकात बसत नाहीत आणि तुम्हाला हवे असलेले रूप ओळखायला त्याच कामी येतात.

फाइल सीएसव्ही म्हणून, यूटीएफ-8 या देवनागरी नीट जपणाऱ्या संकेतपद्धतीत साठवा. ती एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली की देवनागरीच्या जागी कधी कधी विचित्र चिन्हे दिसतात. तशीच साठवली तर मजकूर खरोखरच बिघडतो. तेव्हा काहीही न साठवता ती बंद करावी आणि गुगल शीट्समध्ये उघडावी, किंवा एक्सेलच्या ‘डेटा’ या भागातून यूटीएफ-8 निवडून आत घ्यावी. नावात महिना घालावा, म्हणजे जुनी फाइल नव्याखाली गाडली जात नाही. एक प्रत संगणकावर आणि एक स्वतःलाच ईमेलने, एवढे पुरते.

जुन्या सेवेची वर्गणी मात्र हे सगळे जुळवून होईपर्यंत थांबवू नका. वर्गणी संपल्यावरही यादी टिकेलच याची काही सेवांवर खात्री नसते, आणि 63 गाण्यांचे कालावधी ताडून पाहायला जुनी यादी समोर उघडी असावी लागते.